मोकळ्या भिंतीवरचा आयत
(प्रस्तावना)

घरातल्या मोकळ्या भिंतीवर फ्रेमांचा समूह लावायचं ठरलं, की आज बहुतेक जण आधी मोबाइल काढतात. भिंतीचा एक फोटो घेतला जातो, तो घरच्यांच्या ग्रुपवर जातो, कुणी त्यावर बोटानं चौकोन काढून दाखवतं, कुणी एखाद्या अ‍ॅपमध्ये तयार फ्रेमा चिकटवून पाहतं. फोटोत सगळं शोभतं. मग फ्रेमा बनून येतात, भिंतीवर चढतात आणि लहान वाटू लागतात. केवढी तरी भिंत, आणि तिच्यावर पाच-सहा विखुरलेले तुकडे. अशा वेळी घरचे स्वतःच्या आवडीला दोष देतात. आवड सहसा ठीकच असते. माप चुकलेलं असतं, आणि ते जवळजवळ नेहमी कमीच पडलेलं असतं. असं का होतं, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं काम सोपं होतं. म्हणून या पुस्तिकेची सुरुवात फ्रेमांपासून न करता भिंतीच्या फोटोपासून केली आहे.

फोटो आकारांची एकमेकांशी असलेली नाती दाखवतो; माप मात्र टेपनंच घ्यावं लागतं. आणि पहिलं माप ठरवायचं ते समूहाच्या बाहेरच्या आयताचं, त्यातल्या एकेका फ्रेमचं नंतर. या पुस्तिकेतली सगळी प्रकरणं या दोन गोष्टींवर उभी आहेत. त्या कशा वापरायच्या हे इथे एका भिंतीच्या आधारानं सांगतो. ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या कुठल्याही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सापडेल अशीच ही भिंत आहे.

दिवाणखान्याची ही भिंत ३२० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून छतापर्यंत २८५ सेंटिमीटर उंच आहे. तिला टेकून २०० सेंटिमीटर लांबीचा सोफा आहे. त्याची पाठ जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर संपते. डाव्या कोपऱ्याजवळ स्विचबोर्ड आहे. उजवीकडे वर स्प्लिट एसी आहे आणि त्याची खालची कड २२५ सेंटिमीटर उंचीवर आहे. घरच्यांकडे सात फोटो आहेत. आजी-आजोबांचं लग्नातलं कृष्णधवल चित्र, शाळेचा लांबट समूहफोटो, गावच्या घराचा एक, बाकीचे मुलांचे आणि प्रवासातले.

आधी फोटो कसा घ्यायचा ते पाहू. भिंतीसमोर तीन मीटरवर, तिच्या बरोबर मध्यावर उभं राहायचं. मोबाइल छातीच्या उंचीवर, म्हणजे भिंतीच्या साधारण निम्म्या उंचीवर धरायचा आणि वर-खाली अजिबात कलवायचा नाही. तो वर कलवला की भिंतीच्या उभ्या कडा छताकडे जाताना एकमेकींजवळ सरकतात आणि वरचा भाग अरुंद दिसतो. लेन्स नेहमीची, म्हणजे 1x वरची. खोली लहान म्हणून 0.5x वर गेलं तर पूर्ण भिंत मावते, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात. तिथे काढलेलं माप भरवशाचं नसतं. 1x वर तीन मीटरवरून ३२० सेंटिमीटरची भिंत आरामात येते. तेवढं मागे जाता येत नसेल, तर खोलीच्या दारातून किंवा गॅलरीतून फोटो घ्यावा. तोही सरळच घ्यावा.

फोटो सरळ आला की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. फोटो घेण्याआधी भिंतीच्या डाव्या आणि उजव्या टोकाला, एकाच उंचीवर, ए-फोर आकाराचा एकेक कोरा कागद चिकटपट्टीनं उभा लावावा. हा कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे उंची रुंदीच्या १.४१ पट. फोटोत दोन्ही कागद सारखेच मोठे दिसले, तर मोबाइल भिंतीला समांतर होता. एक मोठा दिसला, तर मोबाइल एका बाजूला वळला होता. कागदाची उंची आणि रुंदी यांचं प्रमाण १.४१ पेक्षा बरंच वेगळं आलं, तर मोबाइल कलला होता. दोन कागदांची ही कसोटी मिनिटभराची आहे. तिच्यात नापास झालेला फोटो दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा घेणं बरं.

हे कागद फोटो तपासण्यासाठी आहेत. त्यांच्यावरून भिंतीचं माप काढू नये. छापील प्रतीवर असा कागद जेमतेम दीड सेंटिमीटर उंच दिसतो. तो मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी पूर्ण भिंतीवर ती दहा सेंटिमीटरच्या घरात जाते. त्यापेक्षा भिंतीची रुंदी टेपनं मोजावी आणि तीच फोटोची मोजपट्टी धरावी. आपली भिंत ३२० सेंटिमीटर आहे. फोटो अशा बेतानं छापून घ्यावा की कागदावर तिची रुंदी बरोबर १६ सेंटिमीटर भरेल. मग कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे भिंतीवरचे दोन सेंटिमीटर. यापुढे गणिताची कटकट राहत नाही.

आता फ्रेमा लहान का वाटतात ते पाहू. बहुतेक जण फोटोत सोफ्याला मोजपट्टी मानतात, कारण त्याची लांबी पाठ असते. पण सोफा भिंतीच्या पुढे असतो. त्याची पुढची कड भिंतीपासून ८५ सेंटिमीटर पुढे आहे, म्हणजे तीन मीटरवरच्या कॅमेऱ्यापासून ती फक्त २१५ सेंटिमीटरवर आहे. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि इथे ती जवळजवळ १.४ पट मोठी दिसते. आपल्या छापील फोटोत २०० सेंटिमीटरचा सोफा १० सेंटिमीटर भरायला हवा. त्याची पुढची कड भरते जवळपास १४. आता कुणी या १४ सेंटिमीटरना २०० मानून भिंतीवर ६० सेंटिमीटरची फ्रेम रेखाटली, तर ती कागदावर ४.२ सेंटिमीटर येईल. भिंतीच्या मापात ही जागा ८४ सेंटिमीटरची आहे. डोळ्यांना आवडली ती ८४ ची फ्रेम, बनून आली ती ६० ची. सोफा, टीपॉय, कोपऱ्यातला दिवा, समोर उभा असलेला माणूस, यांतलं काहीच मोजपट्टी म्हणून चालत नाही. मोजपट्टी भिंतीलाच चिकटलेली हवी.

माप हाती आलं, की पहिला प्रश्न बाहेरच्या आयताचा. सात फ्रेमा लावल्या तरी दुरून डोळा आधी त्यांची मिळून एक आकृती पाहतो. आतले चेहरे नंतर येतात. ही आकृती खालच्या सोफ्याशी जुळायला हवी. सजावटीच्या कामात रूढ असलेलं प्रमाण सोफ्याच्या लांबीच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकं आहे. २०० सेंटिमीटरच्या सोफ्यावर हे १३३ ते १५० सेंटिमीटर होतं. आपण १४० घेऊ. याहून बरंच कमी घेतलं तर समूह सोफ्यापासून सुटा वाटतो. सोफ्याइतकाच रुंद घेतला तर सोफा त्याखाली दबतो. समूहाचा मध्य भिंतीच्या मध्यावर न घेता सोफ्याच्या मध्यावर घ्यावा. आपल्या भिंतीत सोफा डाव्या कोपऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर सुरू होतो, म्हणून त्याचा मध्य १७० वर येतो आणि समूह १०० ते २४० या पट्ट्यात बसतो.

उंचीसाठी खालून वर यावं. सोफ्याची पाठ ८५ वर आहे. तिच्या वर २० सेंटिमीटर मोकळे सोडले की समूहाची खालची कड १०५ वर येते. याहून खाली आणली, तर मान मागे टाकून बसणाऱ्याचं डोकं काचेला लागतं आणि तेलाचे डाग पडतात. वरच्या बाजूला एसी आहे. त्याच्या खाली ३० सेंटिमीटर जागा सोडली की वरची कड १९५ वर येते. म्हणजे आयत झाला १४० रुंद आणि ९० उंच. त्याचा मध्य येतो १५० सेंटिमीटरवर. संग्रहालयांमध्ये चित्राचा मध्य साधारण १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे ५७ इंचांवर, ठेवण्याची पद्धत आहे, कारण उभ्या माणसाची नजर तिथे जाते. आपला मध्य त्याच्या जवळच आला. सोफा नसता, तर आपण १४५ पासूनच सुरुवात केली असती. सोफा असला, की त्याच्या पाठीला मान द्यावा लागतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत मात्र फोटो छतालगत दिसायचे. दरवाजाच्या चौकटीवर, वरच्या लाकडी पट्टीवर खालची कड टेकवून ते पुढे कललेले असत. त्यामागे कारण होतं. माणसं जमिनीवर, चटईवर किंवा पाटावर बसत आणि तिथून वर पाहत. पुढे कललेली काच चकाकत नसे आणि चेहरा बसलेल्या माणसाकडे वळलेला राही. युरोपातही मोठ्या प्रदर्शनांत असंच होत असे. पॅरिसचं सालों १७२५ पासून लूव्हरच्या सालों कारे या दालनात भरू लागलं, आणि तिथे चित्रं जमिनीपासून छतापर्यंत एकमेकांना खेटून लावली जात. लंडनच्या रॉयल अकादमीनं १७८० मध्ये सॉमरसेट हाउसमध्ये प्रदर्शन सुरू केलं, तेव्हा साधारण आठ फुटांवर एक पट्टी होती. तिच्या वरची मोठी चित्रं पुढे कलवून लावत. आज आपण सोफ्यावर किंवा खुर्चीवर बसतो, आणि छतंही पूर्वीपेक्षा खाली आली आहेत. म्हणून आजोबांच्या घरातली उंची इथे उचलू नये. ज्या घरात बैठक अजून जमिनीवर आहे तिथे मात्र मध्य १४५ वरून खाली, १२० च्या आसपास आणावा. नजर जिथून जाते तिथून उंची ठरते.

आयत ठरला, की त्याची वाटणी. फ्रेमांमधली जागा आपण सगळीकडे ५ सेंटिमीटर ठेवू. ती ८ च्या पुढे गेली की फ्रेमा सुट्या पडू लागतात, आणि ३ च्या खाली गेली की दाटी होते. मोकळ्या जागांचा क्रमही पाळायचा: आतली फट सर्वांत लहान, सोफ्यावरची जागा तिच्याहून मोठी, बाजूची मोकळी भिंत सर्वांत मोठी. आपल्याकडे ५, २० आणि बाजूंना ८० ते १०० आहे. या क्रमामुळे सात फ्रेमा एकच वस्तू आहेत असं डोळ्याला कळतं.

आता तीन उभे रकाने करू. डावा ५० सेंटिमीटर, मधला ४०, उजवा ४०, आणि मध्ये दोन फटी, मिळून १४०. डाव्या रकान्यात वर ५० बाय ६० ची मोठी फ्रेम, आजी-आजोबांसाठी. तिच्या खाली ५ सोडून ५० बाय २५ ची लांबट फ्रेम, शाळेच्या समूहफोटोसाठी. मधल्या रकान्यात वर ४० बाय ३० ची आडवी, खाली ४० बाय ५५ ची उभी. उजवीकडे वरून ४० बाय ३०, मग ४० बाय २५, मग पुन्हा ४० बाय २५. प्रत्येक रकान्याची बेरीज फटींसकट ९० येते. ती न आली, तर कुठेतरी गफलत आहे आणि ती कागदावरच शोधलेली बरी.

या वाटणीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वरून ३० सेंटिमीटरवरची फट मधल्या आणि उजव्या रकान्यात एकाच रेषेत आहे. ६० वरची फट डाव्या आणि उजव्या रकान्यात एकाच रेषेत आहे. कुठलीच आडवी फट पूर्ण रुंदीभर जात नाही, त्यामुळे जाळीचा एकसुरीपणा येत नाही. आणि एकही फट दुसरीच्या जवळ येऊन चुकत नाही. उजव्या रकान्यातली वरची फ्रेम ३० ऐवजी २७ केली असती, तर मधल्या फटीशी तीन सेंटिमीटरचा फरक पडला असता. एवढा फरक पाहणाऱ्याला मुद्दाम केलेला वाटत नाही, चुकलेला वाटतो. फ्रेमांच्या कडा एकतर नेमक्या जुळाव्यात, नाहीतर निदान वीतभर लांब राहाव्यात. समूह ‘कुठेतरी खटकतो’ आणि नेमकं काय खटकतंय ते सापडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा अशी एखादी जेमतेम हुकलेली कड असते.

फ्रेमवाल्याकडे जाताना मापांचा गोंधळ होतो तो इथे: आपण आतापर्यंत जी मापं लिहिली ती फ्रेमच्या बाहेरच्या कडेची आहेत, आणि तो विचारतो काचेचं माप. पट्टी २ सेंटिमीटर रुंद असेल आणि तिच्या आतल्या खाचेत काच अर्धा सेंटिमीटर शिरत असेल, तर ५० बाय ६० च्या फ्रेमची काच ४७ बाय ५७ ची होते. आपण ५० बाय ६० सांगितलं आणि त्यानं तेवढी काच कापली, तर फ्रेम ५३ बाय ६३ होऊन येईल. अशा तीन-तीन सेंटिमीटरनी प्रत्येक फ्रेम वाढली, की आयत फुटतो आणि फटी नाहीशा होतात. चिठ्ठीवर ‘बाहेरून बाहेर’ असं लिहून द्यावं आणि पट्टीची रुंदी आधी ठरवावी.

मोठी फ्रेम म्हणजे मोठा फोटो असं नाही. आजी-आजोबांचं मूळ चित्र आठ बाय दहा इंचांचं आहे. ते स्कॅन करून बारा बाय पंधरा इंचांची प्रत काढली, म्हणजे साधारण ३० बाय ३८ सेंटिमीटर, की ५० बाय ६० च्या फ्रेममध्ये भोवती आठ-नऊ सेंटिमीटरचं पांढरं माउंट येतं. मूळ प्रत अल्बममध्ये सुरक्षित राहते. लहान फोटो फार ताणून त्याचे दाणे दाखवण्यापेक्षा माउंट रुंद करणं केव्हाही चांगलं. अगदी पोस्टकार्डाएवढा फोटोही ४० बाय ३० च्या फ्रेममध्ये रुंद माउंटसह नीट बसतो. मात्र सात फ्रेमांची माउंटं एकाच रंगाची असावीत, म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या कागदांचे रंग एकमेकांत मिसळून जातात.

ऑर्डर देण्याआधी भिंतीवरच तालीम करावी. वर्तमानपत्राचे सात तुकडे फ्रेमांच्या बाहेरच्या मापाचे कापावेत, मास्किंग टेपनं ठरलेल्या जागी लावावेत, आणि पहिल्या फोटोच्याच जागेवरून पुन्हा फोटो घ्यावा. तो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहावा. एवढ्या लहान आकारात सातांचा मिळून एक आयत दिसला, तर वाटणी जमली. दोन-तीन पुंजके दिसले, तर फटी जास्त आहेत. एक बाजू जड वाटली, तर सर्वांत मोठी फ्रेम दुसऱ्या रकान्यात न्यावी. हाच फोटो सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावल्यावर घ्यावा. समोर खिडकी असेल, तर कुठल्या फ्रेमच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडणार याचा अंदाज कागदांवरच्या उजेडावरून आधी येतो. तिथे मॅट काच घ्यावी किंवा गडद फोटो टाळावा.

काही गोष्टी मात्र फोटोत दिसत नाहीत, आणि त्यांच्यामुळे आयत सरकवावा लागतो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भिंतीतून वायरची नळी जाण्याची शक्यता असते, म्हणून त्या उभ्या पट्ट्यात ड्रिल करू नये. आपला समूह कोपऱ्यापासून १०० सेंटिमीटरवर सुरू होतो, त्यामुळे इथे अडचण नाही. उजव्या रकान्याची वरची फ्रेम एसीच्या कडेखाली येते. एसीची पाण्याची नळी तुंबली तर तिथे पाणी ठिबकू शकतं. म्हणून तिथे कुठल्याही चित्राची मूळ प्रत लावू नये. भिंत बाहेरची असेल आणि पावसाळ्यात ती ओल धरत असेल, तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते. ओलीचा डाग दिसत असेल, तर ती भिंत या कामासाठी निवडूच नये. समूह लहान करूनही बुरशी थांबत नाही.

पुढच्या प्रकरणांत याच पद्धतीनं इतर भिंती येतात. सोफा नसलेली भिंत, जिथे १४५ ची रेषाच आधार असते. अरुंद पॅसेज, जिथे माणूस हातभर अंतरावरून पाहतो आणि म्हणून लहान फ्रेमा चालतात. जिना, जिथे समूहाचा मध्य पायऱ्यांच्या उताराबरोबर चढतो. आणि जाळीचा समूह, ज्यात सगळ्या फ्रेमा एकाच मापाच्या असतात आणि म्हणून दोन मिलिमीटरचीही चूक दिसते. तिथे ओळंबा आणि लेव्हल वापरल्याशिवाय पहिलं भोक पाडू नये.

शेवटी एका प्रश्नाचं उत्तर इथेच देतो, कारण तो ऑर्डर देण्याआधी सुटायला हवा. घर वाढतं, फोटो वाढतात. मुलाचं लग्न होतं, नात येते, आठवा फोटो हातात येतो. तो समूहाच्या कडेला लटकवला, की १४० बाय ९० चा आयत मोडतो, आणि नंतर नववा फोटोही तसाच कडेला जातो. यासाठी फ्रेमांची मापं भिंतीची मानावीत, फोटोंची नव्हेत. फ्रेमवाल्याला मागची पाटी खिळ्यांऐवजी फिरत्या क्लिपांनी बसवायला सांगावं. मग फ्रेम भिंतीवरून उतरवून, नवं माउंट कापून, आतला फोटो घरच्या घरी बदलता येतो. जुना फोटो माउंटसकट पाकिटात घालून अल्बममध्ये ठेवावा. सात जागा ठरलेल्या असल्या, की घराला दर काही वर्षांनी विचार करावा लागतो, आता या भिंतीवर कोण असावं? या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनीच द्यायचं आहे. जागा कुठे, किती आणि कशी, एवढं काम ही पुस्तिका करते.